काटाकाटीचे शास्त्र

अपूर्णांकाला अतिसंक्षिप्त रूप देण्याची जी क्रिया पाठ्यपुस्तकात गंभीरपणे सांगितलेली असते तिला वर्गात 'काटाकाट' म्हणतात, आणि शालेय गणितातील सर्व क्रियांमध्ये विद्यार्थ्याला निर्भेळ आनंद देणारी बहुधा ही एकच क्रिया असावी. बेरजेत हातचा सांभाळावा लागतो, भागाकारात बाकी उरते आणि पाढे तर पाठच करावे लागतात. काटाकाटीत मात्र वर एक तिरकी रेघ आणि खाली एक तिरकी रेघ मारली की पुढचे काम कमी होते, आणि काम केल्याने काम कमी होण्याचा हा अनुभव इतका दुर्मीळ आहे की त्याची चटक लागणे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. अकरावीत 'सीमा' हे प्रकरण सुरू होईपर्यंत या चटकेचे सवयीत रूपांतर झालेले असते, आणि मग एखाद्या परीक्षेत दोन गुणांच्या अगदी साध्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकातील उत्तराशी तंतोतंत जुळूनही त्यापुढे लाल शाईत शून्य पडते. या शून्याची चिकित्सा करण्यासारखी आहे, कारण वरवर पाहता ते परीक्षकाच्या स्वभावदोषाचे फळ वाटते आणि आत डोकावल्यावर ते गणितातील एका फार जुन्या अडचणीपर्यंत नेऊन पोचवते.

प्रश्न असा असतो की lim(x→2) (x² − 4)/(x − 2) याची किंमत काढा. x हा २ च्या हवा तितका जवळ नेला, पण त्याला २ मात्र होऊ दिले नाही, तर दिलेल्या राशीची किंमत ज्या एका संख्येच्या हवी तितकी जवळ येऊन राहते त्या संख्येला सीमा म्हणतात. x नेमका २ झाल्यावर काय होते याच्याशी सीमेचे काहीही देणेघेणे नसते. तरीही विद्यार्थी प्रथम x च्या जागी २ ठेवून पाहतो, आणि ते योग्यच आहे, कारण पुष्कळदा तेवढ्यावर भागते. येथे मात्र अंशही शून्य होतो आणि छेदही शून्य होतो, आणि कागदावर 0/0 अशी आकृती उभी राहते. भागाकार म्हणजे छेदाला जिने गुणले असता अंश मिळतो ती संख्या, अशी व्याख्या धरली तर शून्याला जिने गुणून शून्य मिळते अशी संख्या शोधावी लागते, आणि या पदासाठी पाच, सात, उणे एक हजार असे सगळेच उमेदवार पात्र ठरतात. म्हणून या आकृतीला अनिर्धार्य रूप म्हणतात. ते उत्तर नव्हे. केवळ किंमत ठेवून उत्तर मिळणार नाही, राशीच्या रचनेकडे पाहावे लागेल, एवढीच ती सूचना असते. परंतु रचनेकडे पाहणे म्हणजे काय याविषयी विद्यार्थी आणि परीक्षक यांच्या कल्पना भिन्न असतात, आणि विद्यार्थ्याच्या मते रचनेत सर्वप्रथम पाहायची गोष्ट म्हणजे काय काय कापता येईल ही होय.

या कापाकापीचे दोन प्रकार आढळतात. पहिला प्रकार ढोबळ असून त्यात वर आणि खाली सारखे दिसणारे पद सरळ खोडले जाते. पद म्हणजे अधिक किंवा उणे या चिन्हांनी जोडलेल्या भागांपैकी एक भाग, आणि अवयव म्हणजे गुणाकाराने जोडलेल्या भागांपैकी एक भाग. संक्षेपाचा अधिकार फक्त अवयवाला आहे, पदाला नाही, हा नियम सातवी-आठवीपासून सांगितला जातो आणि तेव्हापासूनच विसरला जातो. lim(x→3) (x² − 9)/(x² − 2x − 3) या उदाहरणात वरचा x² आणि खालचा x² एकमेकांना पाहून ओळखीचे हसतात, त्यांना खोडल्यावर −9/(−2x − 3) उरते, त्यात ३ ठेवल्यावर उणे नऊ भागिले उणे नऊ म्हणजे बरोबर एक असे देखणे उत्तर येते, आणि ते चूक असते. खरे उत्तर दीड आहे. दुमजली घरात वर चार आणि खाली दोन माणसे राहत असतील तर वरची संख्या खालच्या दुप्पट आहे, आणि दोन्ही मजल्यांवरील प्रत्येकाने एकेक पाहुणा बोलावला तरी ती दुप्पटच राहते. पण वरचे काका आणि खालचे काका दिसायला सारखे आहेत म्हणून दोघांनाही एकदम यात्रेला पाठवले तर वर तीन आणि खाली एक उरतो, आणि दुपटीची तिप्पट होते. पद खोडणाऱ्याने काकांना यात्रेला पाठवलेले असते. या प्रकारात उत्तर चुकते, त्यामुळे वाद होत नाही, आणि वाद होत नसल्यामुळे अभ्यासकाला त्यात फारसे स्वारस्य नाही.

दुसरा प्रकार सूक्ष्म आहे. x² − 4 भागिले x − 2 या राशीत वर आणि खाली सारखे पद एकही नाही, म्हणून विद्यार्थी पदांच्या जोड्या लावतो: x² ला x ने भागून वर x उरतो, चाराला दोनने भागून वर दोन उरतात, आणि उणे चिन्हाला उणे चिन्हाने भागले म्हणजे अधिक होते, कारण उणे-उणे अधिक हे वचन त्याच्या कानावर लहानपणापासून पडलेले असते. हाती x + 2 येते, त्यात २ ठेवल्यावर चार येतात, आणि पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या उत्तरांतही चारच असतात. ही वाट चोखाळल्याचा पुरावा उत्तरपत्रिकेत स्पष्ट दिसतो. x² वर तिरकी रेघ असते, चारावर दुसरी असते आणि तिच्या डोक्यावर बारीक अक्षरात दोनचा आकडा असतो, शिवाय खालच्या दोनवरही एक रेघ असते. एखाद्याने मधली पायरी न लिहिता नुसते x + 2 लिहिले असते तर त्याने मनात अवयव पाडले असावेत असे म्हणून परीक्षकाने निदान एक गुण दिला असता. तिरक्या रेघा मात्र कबुलीजबाबासारख्या असतात आणि त्या मागे घेता येत नाहीत.

शून्य मिळालेल्या विद्यार्थ्याचा, आणि त्याहूनही अधिक त्याच्या पालकांचा, युक्तिवाद असा असतो की उत्तर बरोबर आहे तर गुण का नाहीत. व्यवहारात शेवटचा आकडा जुळला की हिशेब जुळला असे मानतात. हा युक्तिवाद हास्यास्पद ठरवून टाळणे सोपे आहे, पण परीक्षकाने ते करू नये, कारण विद्यार्थ्याची रीत केवळ याच उदाहरणात नव्हे तर x² − 9 भागिले x − 3, x² − 25 भागिले x − 5 अशा त्या जातीच्या प्रत्येक उदाहरणात बिनचूक उत्तर देते, आणि सीमेच्या प्रकरणाची सुरुवात याच जातीने करण्याचा पुस्तककर्त्यांचा रिवाज आहे. ज्या रीतीने पहिल्या स्वाध्यायातील पाच-सहा उदाहरणे सुटली तिच्यावर विद्यार्थ्याचा विश्वास बसला तर त्यात अंधश्रद्धा म्हणण्यासारखे फारसे नाही. रीत चूक आहे हे दाखवण्यासाठी अंकगणिताकडेच जावे लागते: दहातून चार वजा करून जे येते त्याला पाचातून दोन वजा करून जे येते त्याने भागले तर सहा भागिले तीन म्हणजे दोन होतात, पण विद्यार्थ्याच्या रीतीने दहा भागिले पाच दोन, चार भागिले दोन दोन, आणि उणे-उणे अधिक म्हणून एकूण चार. येथे x नाही, सीमा नाही, अनिर्धार्य रूपही नाही, त्यामुळे दोष कोणाच्या माथी मारायचा याविषयी संदेह उरत नाही.

तरीही वर्गांच्या वजाबाकीत ही रीत बरोबर उत्तर का देते हा प्रश्न शिल्लक राहतो. त्याचे उत्तर देण्यासाठी घातांक एकने वाढवून lim(x→2) (x³ − 8)/(x − 2) हे उदाहरण घ्यावे. विद्यार्थ्याच्या रीतीने x³ भागिले x म्हणजे x², आठ भागिले दोन म्हणजे चार, म्हणून x² + 4, आणि २ ठेवल्यावर आठ. आता कोणाचीही बाजू न घेता x ला २ च्या जवळ नेऊन प्रत्यक्ष आकडेमोड केली, तर x = २.०१ असताना अंश ०.१२०६०१ आणि छेद ०.०१ येतो, म्हणजे भागाकार १२.०६०१ होतो; x = १.९९ असताना तो ११.९४०१ होतो. दोन्ही बाजूंनी आकडे बाराकडे निघाले आहेत आणि आठाच्या आसपासही कोणी फिरकलेले नाही. अशी दोन किमतींची चाचणी घ्यायला कॅल्क्युलेटरवर अर्धा मिनिट पुरतो, आणि सीमेच्या कोणत्याही संशयास्पद उत्तराला ती लावता येते. मात्र ती चुकीचे उत्तर पकडते, चुकीची रीत पकडत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे, कारण पहिल्या उदाहरणातील चारला तिने आनंदाने मान्यता दिली असती.

बारापैकी चार कोठे गेले याचा शोध घेतला म्हणजे सगळे गुपित बाहेर पडते. x³ − 8 चे अवयव (x − 2) आणि (x² + 2x + 4) असे आहेत, आणि दुसऱ्या अवयवातील तिन्ही पदे x हा २ कडे जात असता प्रत्येकी चारकडे जातात, म्हणून उत्तर तीन वेळा चार. जोड्या लावणाऱ्या रीतीला यातील पहिले आणि शेवटचे पद तेवढे दिसते आणि मधले 2x दिसत नाही. सामान्यतः xⁿ − aⁿ या राशीतून x − a हा अवयव बाहेर काढला की आत n पदे उरतात आणि प्रत्येक पद aⁿ⁻¹ कडे जाते, म्हणून सीमा n·aⁿ⁻¹ होते; हे सूत्र अकरावीच्या विद्यार्थ्याला झोपेतही म्हणता येते. जोड्यांच्या रीतीने मात्र n कितीही असो, नेहमी 2·aⁿ⁻¹ एवढेच येते, कारण ती रांगेतील पहिला आणि शेवटचा असे दोघेच मोजते. n = 2 असताना रांगेत दोघेच असतात, म्हणून मोजणी बरोबर येते, आणि याच एका घातांकावर या रीतीची सारी प्रतिष्ठा उभी आहे. n = 1 असताना तर मौजच होते. तेव्हा राशी (x − a)/(x − a) अशी असते, रांगेत एकच पद असते, आणि तेच पहिले व तेच शेवटचे असल्यामुळे ते दोनदा मोजले जाते. म्हणजे कोणत्याही राशीला त्याच राशीने भागले असता दोन येतात असा अपूर्व सिद्धांत हाती लागतो. उत्तरपत्रिकेच्या फेरतपासणीसाठी अर्ज करणाऱ्याने हा सिद्धांत अर्जासोबत जोडावा की नाही, याचा निर्णय त्याने स्वतः घ्यायचा आहे.

चुकीच्या खोडाखोडीतून बरोबर उत्तर येण्याचा हा प्रकार गणिताच्या रंजक पुस्तकांत फार पूर्वीपासून नोंदलेला आहे. 16/64 मधील दोन्ही सहा खोडले तर 1/4 उरते, आणि ते खरे आहे. 19/95, 26/65 आणि 49/98 यांचेही तसेच. शून्याचे अंक आणि समान अंकांच्या संख्या वगळल्या तर एकपेक्षा लहान अशा दोन अंकी अपूर्णांकांत हे चारच भाग्यवंत आहेत. या चौघांच्या पुण्याईवर अंक खोडण्याची रीत मान्य करावी असे आजवर कोणत्याही पालकाने सुचवलेले नाही, यावरून योगायोग ओळखण्याची शक्ती समाजात आहे, ती केवळ x दिसताच क्षीण होते, असे अनुमान काढता येते.

आता परीक्षकाला अपेक्षित असलेली वाट पाहू. नववीत शिकलेला अवयव सिद्धांत सांगतो की एखाद्या बहुपदीत x च्या जागी २ ठेवून शून्य आले तर x − 2 हा त्या बहुपदीचा अवयव असतोच. म्हणजे 0/0 ही आकृती दिसते तितकी निरुपयोगी नाही. वर आणि खाली दोन्हीकडे x − 2 दडलेला आहे हे ती स्वतःच सांगत असते, आणि विद्यार्थ्याने तो शोधून बाहेर काढणे एवढेच काम उरते. (x − 2)(x + 2) असे अवयव पाडल्यावर x − 2 खोडायचा, पण खोडण्यापूर्वी 'x → 2 म्हणून x ≠ 2, म्हणून x − 2 ≠ 0' ही ओळ लिहायची असते. ही ओळ पुष्कळ उत्तरपत्रिकांत संकल्प सोडताना म्हणायच्या मंत्राप्रमाणे अर्थाकडे न पाहता लिहिलेली असते, आणि काही उत्साही विद्यार्थी तर जेथे काहीही खोडायचे नाही तेथेही ती लिहून ठेवतात. वस्तुतः सगळ्या उत्तराचा जीव या एका ओळीत आहे. x − 2 शून्य असता तर त्याने भागणे निषिद्ध होते; तो शून्याच्या कितीही जवळ असला तरी शून्य नाही, म्हणून भागता येते, आणि भागून झाल्यावर उरलेली x + 2 ही राशी x = 2 पाशीही सुरळीत वागणारी असल्यामुळे तेथे २ ठेवून सीमा वाचता येते. मूळ राशी आणि x + 2 या दोन एकच नाहीत. मूळ राशीला २ पाशी किंमतच नाही, तिच्या आलेखाच्या सरळ रेषेत तेथे एका बिंदूएवढे भोक आहे. बाकी सर्वत्र त्या जुळतात, आणि सीमेला नेमके तेवढेच पुरते. याच कारणासाठी शेवटची पायरी येईपर्यंत lim हे चिन्ह प्रत्येक ओळीत लिहावे लागते, आणि ते मध्येच गाळणाऱ्याने भोक बुजवल्याचा आव आणलेला असतो.

आधी शून्य नाही म्हणून भागायचे आणि मग शून्य मानून उत्तर काढायचे, ही दुटप्पी वागणूक आहे अशी शंका कोणाला आली तर त्याने स्वतःला मंद समजू नये. आयर्लंडमधील बिशप जॉर्ज बर्कली याने १७३४ मध्ये न्यूटनच्या अनुयायांवर हाच आरोप ठेवला, आणि तो इतका नेमका होता की त्याला समाधानकारक उत्तर देण्यासाठी एकोणिसाव्या शतकातील कोशी आणि वायरस्ट्रास यांची वाट पाहावी लागली. x ला २ 'होऊ' न देता २ च्या 'जवळ' ठेवण्याची वर दिलेली व्याख्या हेच ते उत्तर होय. त्याच्याही कितीतरी आधी, ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी 'लीलावती'त एक उदाहरण घातले आहे: एका संख्येला शून्याने गुणले, आलेल्या राशीत तिचेच अर्धे मिळवले, तीनने गुणले आणि शून्याने भागले, तर त्रेसष्ट आले, ती संख्या कोणती? शून्याने गुणताच सगळे शून्य झाले असे म्हणून पाटी पुसणाऱ्याला हे उदाहरण सुटत नाही. आचार्यांचा नियम असा की पुढे क्रिया बाकी असतील तर शून्य हा गुणक म्हणून तसाच राखून ठेवावा, आणि पुढे तोच भाजक म्हणून आला तर संख्या अविकृत समजावी. त्याप्रमाणे चौदा गुणिले शून्य, अर्धे मिळवून एकवीस गुणिले शून्य, तिप्पट करून त्रेसष्ट गुणिले शून्य, आणि शून्याने भागून त्रेसष्ट. म्हणून उत्तर चौदा. आजच्या काटेकोर दृष्टीने त्या शून्याच्या जागी x − 2 सारखी शून्याकडे जाणारी राशी असायला हवी, पण एक गोष्ट लक्षणीय आहे: मिळवायचे ते राशीचेच अर्धे आहे, त्यामुळे शून्य हा शेवटपर्यंत सबंध राशीचा अवयव राहतो. त्याऐवजी नुसते सात मिळवायला सांगितले असते तर शून्य एका पदापुरतेच उरले असते आणि शेवटचे खोडणे अशक्य झाले असते. आचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आहे. तेथे पदे खोडणाऱ्या शिष्याचे काय होत असे, यावर शिलालेखाने मौन पाळले आहे.

अवयव पाडायचा कंटाळा असलेल्यांसाठी एक मान्यताप्राप्त आडवाटही आहे आणि तिला लोपितालचा नियम म्हणतात. 0/0 असे रूप असेल तर अंशाचे आणि छेदाचे वेगवेगळे विकलन करावे, म्हणजे प्रत्येकाच्या बदलाचा दर काढावा, आणि त्या दोन दरांच्या भागाकाराला सीमा असेल तर मूळ भागाकाराची सीमाही तीच असते. पहिल्या उदाहरणात 2x भागिले 1, म्हणून चार. हा नियम फ्रान्समधील मार्की द लोपिताल याच्या १६९६ च्या पुस्तकात प्रसिद्ध झाला, पण तो योहान बेर्नुली याचा होता, आणि त्याचे शोध आपल्यालाच कळवण्यासाठी मार्कीने त्याला १६९४ पासून वर्षाला तीनशे लिव्र देण्याचे ठरवले होते. सीमेच्या उदाहरणांसाठी खासगी शिकवणीला पैसे मोजण्याची परंपरा एवढी खानदानी आहे. नियम वापरणाऱ्यांच्या हातून दोन चुका होतात. एक म्हणजे 0/0 किंवा ∞/∞ असे रूप नसतानाही तो चालवला जातो: lim(x→1) (x² + 1)/(x + 1) याचे उत्तर नुसते १ ठेवून एक येते, पण नियमाची घाई झालेला 2x भागिले 1 करून दोन लिहितो. दुसरी अधिक नाजूक आहे. (x² − 4)/(x − 2) ची सीमा ही x² च्या २ पाशी असलेल्या विकलजाची व्याख्याच आहे, म्हणून ती काढण्यासाठी x² चे विकलज 2x असते हे वापरणे म्हणजे जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरणे होय. बहुतेक परीक्षक याकडे काणाडोळा करतात, आणि त्यांनी तसे करावे हेच इष्ट, नाहीतर गुण देण्यासारखे कोणी उरणार नाही.

खोडाखोडीचा आनंद बहुपदीपुरता मर्यादित राहिला असता तरी बरे होते, पण त्रिकोणमितीतही तिला योगायोगाचा आश्रय मिळतो. lim(x→0) sin 5x/sin 3x मध्ये विद्यार्थी वरचा sin आणि खालचा sin खोडतो, मग x आणि x खोडतो आणि 5/3 लिहितो. sin हा गुणक नसून एका क्रियेचे नाव आहे, आणि नाव खोडणे म्हणजे वजाबाकीचे चिन्ह वर-खाली आहे म्हणून ते खोडण्यासारखे आहे. तरीही 5/3 बरोबर असते, कारण x शून्याकडे जाताना sin 5x भागिले 5x आणि sin 3x भागिले 3x हे दोन्ही एककडे जातात. पुढच्याच प्रश्नात (1 − cos 2x)/(1 − cos 3x) आले की तोच हात एक, उणे आणि cos यांना ओळीने खोडून 2/3 लिहितो आणि फसतो, कारण 1 − cos ची चाल वर्गाच्या प्रमाणात असते आणि खरे उत्तर 4/9 आहे.

असे योगायोग टाळण्याचा उपाय प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांच्या हाती आहे, आणि अनुभवी मंडळी तो करतातही. ते वर्गांऐवजी घनांची वजाबाकी विचारतात, म्हणजे जोड्या लावणाऱ्याचे उत्तर आठ येते, पुस्तकाचे बारा असते, आणि शून्याचे समर्थन करण्याची गरज पडत नाही. परंतु या उपायालाही एक उपद्रव आहे. अवयव पाडायला निघालेला दुसरा एखादा विद्यार्थी सूत्रातील मधले पद विसरून x³ − 8 चे अवयव (x − 2)(x² + 4) असे लिहितो, 'x ≠ 2, म्हणून x − 2 ≠ 0' ही ओळ सुवाच्य अक्षरात घालतो, रीतसर x − 2 खोडतो आणि आठच उत्तर काढतो. रीत योग्य असून सूत्र चुकले म्हणून परीक्षक त्याला एक गुण देतो, आणि शेजारच्या बाकावरील जोड्या लावणाऱ्याला त्याच आठासाठी शून्य देतो. मग उत्तरपत्रिका हातात पडल्यावर दोघे त्या शेजारी शेजारी ठेवून पाहतात, आणि दोघांचे पालक मिळून शिक्षककक्षाकडे निघतात.